सहा हप्ते थांबले, कर्ज नऊ महिन्यांनी लांबलं

हप्त्याला सवलत मिळाली म्हणजे व्याजालाही मिळाली, असं अजूनही कितीतरी जण धरून चालतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांची आणि मग २२ मेला आणखी तीन महिन्यांची मुभा दिली. मार्च ते ऑगस्ट असे सहा हप्ते पुढे ढकलता येत होते. त्या काळात व्याज मात्र चालूच राहणार, हे परिपत्रकातच होतं. लोकांपर्यंत पोचला तो फक्त 'हप्ता नाही' एवढा भाग.

माझ्या धाकट्या भावाने तेव्हा ही सवलत घेतली. त्याच्या पर्सनल लोनचं स्टेटमेंट घेऊन मी ओळ न् ओळ हिशोब केला, तोच मांडते. कर्ज तीन लाखांचं, व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता ६,६७३ रुपये. फेब्रुवारी २०२० चा हप्ता गेल्यावर बाकी २,००,९१७ आणि ३६ हप्ते शिल्लक. शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२३ ला.

मार्चच्या ओळीत जमेची बाजू रिकामी. नावे बाजूला २,००९ रुपये व्याज. बाकी झाली २,०२,९२६. एप्रिलचं व्याज या वाढलेल्या बाकीवर, म्हणून २,०२९. असं करत ऑगस्टचं व्याज २,११२ वर गेलं आणि बाकी २,१३,२७७ झाली. म्हणजे १२,३६० रुपये व्याज मुद्दलात मिसळलं.

खरा फटका इथून पुढे बसतो. सप्टेंबरपासून हप्ता तोच, ६,६७३. पण त्यातले २,१३३ व्याजात जायला लागले. सवलत घेतली नसती तर मार्चच्याच हप्त्यातून २,००९ व्याजात गेले असते आणि ४,६६४ मुद्दलातून कमी झाले असते. आता ४,५४० च कमी होतात. हा फरक प्रत्येक महिन्यात पुढे सरकत जातो. त्यामुळे ३६ ऐवजी ३९ हप्ते लागतात, शेवटचा ४,६८८ चा, नोव्हेंबर २०२३ मध्ये. सहा महिने थांबलं की कर्ज सहा महिने लांबेल, असा आपला अंदाज असतो. इथे ते नऊ महिने लांबलं आणि एकूण सुमारे १८,००० रुपये जास्त गेले. (बँक व्याज दिवसावर मोजत असेल तर थोडाफार फरक पडेल.)

आणि सरकारने दिलेल्या परताव्याचं काय? ऑक्टोबर २०२० च्या योजनेत दोन कोटींपर्यंतच्या ठरावीक कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक परत मिळाला. या कर्जावर सहा महिन्यांचं सरळ व्याज होतं १२,०५५. म्हणजे परतावा ३०५ रुपये. 'व्याज माफ झालं' म्हणून लोक खूश झाले होते, ते या ३०५ रुपयांवर. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्याजावरचं व्याज घेऊ नका म्हटलं, पण मूळ व्याज माफ केलं नाही.

कर्जाची किती वर्षं सरली आहेत यावर सगळं बदलतं. याच कर्जाचे १२ हप्ते उरलेले असते तर जास्तीचा भुर्दंड सव्वापाच हजारांच्या आसपास आणि मुदत सातच महिने पुढे. बाकी मोठी असताना सवलत महाग पडते.

भावाला मी एकच सांगितलं असतं. सप्टेंबरमध्ये ते १२,३६० वेगळे भरून टाक. तसं केलं असतं तर बाकी परत २,००,९१७ वर आली असती, ३६ हप्त्यांत ऑगस्ट २०२३ ला कर्ज संपलं असतं आणि जादा गेले असते १२,३६० च. भरताना हा पैसा चढलेल्या व्याजात जमा करायला सांगावं आणि अंशतः परतफेडीचं शुल्क लागत नाही ना, ते लेखी विचारावं. एवढे पैसे हातात नसतील तर हप्ता ७,०८४ करून घ्यायचा पर्याय असतो: कर्ज ऑगस्ट २०२३ लाच संपतं, जादा खर्च १४,८०० च्या आत. नुसतं गप्प राहिलं की सगळ्यात महाग पर्याय वाट्याला येतो.

अजून एक गोष्ट शेवटी शेवटी उघडकीस येते. खात्यातून आपोआप हप्ता कापायची मंजुरी, म्हणजे नॅचचा मँडेट, बऱ्याचदा मूळ शेवटच्या तारखेपर्यंतचाच असतो. मुदत वाढली तरी तो आपोआप वाढेलच असं नाही. मग जादाचे हप्ते कापलेच जात नाहीत, थकबाकी दिसते आणि सिबिल खराब होतं.

माझं म्हणणं असं की सवलत देणाऱ्या प्रत्येक बँकेने सही घेण्याआधी नवी शेवटची तारीख आणि एकूण जादा रक्कम लेखी द्यायलाच हवी. नोकरी गेलेल्या, आजारपणात अडकलेल्या माणसाला आजही कुठे कुठे अशी सवलत मिळते आणि ती त्याला लागतेही. तो नकार देईल म्हणून आकडा लपवायचा, हे मला अजिबात मान्य नाही. तुमच्याकडे अशी सवलत घेतलेलं कर्ज असेल तर नवं परतफेडीचं वेळापत्रक मागवा आणि सवलतीनंतरच्या पहिल्या हप्त्यातलं व्याज जुन्या वेळापत्रकाशी ताडून पाहा.