नमुना आठवर नाव नाही, म्हणून सून बाहेर?

"घर सासऱ्याच्या नावावर असेल तर सुनेचा त्यावर काडीचाही हक्क नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. माहेरी गेली की केसही करता येत नाही. कोर्टात गेली की संसार संपला. सर्व ग्रुपवर पाठवा."

यवतमाळकडच्या आमच्या भाचीनं हा मेसेज मला पाठवला. खाली एकच ओळ: "मावशी, मंग मी कायले भांडू?" नवऱ्यानं मारून बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं. शिलाई मशीन अन् पोरीचं दप्तर आत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव म्हाताऱ्याचं.

तो निकाल खरा आहे, तेवढं कबूल. २००६ सालचा, बत्रा खटल्यातला. पण ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सुप्रीम कोर्टाच्याच तीन न्यायाधीशांनी तो चुकीचा ठरवला. सून त्या घरात पाहुणी म्हणून नव्हे, संसार मांडून राहिली असेल तर घर सासऱ्याचं असलं तरी ते 'सामायिक घर', आणि तिला तिथं राहण्याचा हक्क. मेसेजवाले केव्हाच बाद झालेल्या कागदावर बायकांना गोठ्यात झोपवतात.

राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हेही सांगते. नमुना आठवर तिचं नाव चढणार नाही. म्हातारे सासू-सासरे रीतसर दावा लावू शकतात, कोर्ट त्यांचाही विचार करतं. कधी नवऱ्याला दुसरीकडे खोली घेऊन द्यायला लावतं. नवऱ्याला घराबाहेर राहा म्हणता येतं, सासूला तसा आदेश देता येत नाही. पण कुलूप लावून हाकलणं यातल्या कशातच बसत नाही.

भाचीचा अर्ज २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली गेला, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. कारकुनानं आधी नुसती खावटी लिहिली होती. इथंच बायका फसतात: जे मागितलं नाही, ते सहसा मिळत नाही. आम्ही त्यात कुलूप काढावं, घर विकू नये, मारहाण करू नये, हे वेगवेगळं मागितलं. रेशन कार्ड अन् पोरीचा शाळेचा दाखला जोडला, पत्ता त्याच घराचा. सोबत कलम २३ चा तातडीचा अर्ज आणि शपथपत्र. कायदा पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत ठेवा म्हणतो. आमची लांबली, कारण नवरा नोटीसच घेईना. पण प्रथमदर्शनी पटलं तर त्याच्या गैरहजेरीतही अंतरिम आदेश होतो, तसाच झाला. कुलूप काढायला सोबत पोलीस द्या, असंही त्यात होतं.

माहेरी गेल्यावर केस होत नाही? कलम २७ वाचा. ती तात्पुरती जिथं राहते, तिथंही अर्ज चालतो.

संसाराचं म्हणाल, तर हा अर्ज घटस्फोटाचा नाही आणि छळाची पोलीस फिर्याद, जिला लोक जुन्या कलमावरून ४९८ म्हणतात, तीही नाही. संरक्षण आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवा भाचीचा फोन आला. मागून मशीनचा आवाज येत होता. म्हणे, "मावशी, दप्तरात डबा तसाच होता वं. पार बुरशी चढली होती त्याले."