पहिल्या दोन डाउनव्होटांचं वजन
आपल्या गोव्याच्या ऑनलाइन चर्चागटात कुणी नवी पोस्ट टाकली की पहिल्या पाच-दहा मिनिटांत दोघेजण येऊन डाउनव्होट देतात. पोस्ट न वाचताच. कधी भाषेवरून, कधी विचारणारा ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, वाटतो म्हणून. ‘एका मताने काय बिघडतं?’ असं बऱ्याच जणांना खरंच वाटतं. बिघडतं, आणि नेमकं किती ते मोजताही येतं.

रेडिटचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा कोड 2017 पर्यंत सगळ्यांना वाचायला खुला होता. त्यातल्या ‘हॉट’ क्रमवारीत दोनच गोष्टींची बेरीज होते: अपव्होट वजा डाउनव्होट करून उरलेल्या मतांचा लॉग, आणि पोस्ट टाकल्याची वेळ (सेकंदांत) भागिले 45000. मतं लॉगमध्ये मोजली जात असल्याने 1 वरून 10 वर जाण्याची किंमत 10 वरून 100 वर जाण्याएवढीच. आणि 45000 सेकंद म्हणजे साडेबारा तास.

आता पणजीच्या कुणीतरी सकाळी 8 वाजता रस्त्यावरच्या खड्ड्यांचा फोटो टाकला आणि त्याला 100 मतं पडली. रात्री साडेआठला दुसऱ्याने नवीन फोटो टाकला, त्याला फक्त 10 मतं. दोन्ही पोस्ट यादीत बरोबरीला येतात. म्हणजे सुरुवातीची 9 मतं त्यानंतरच्या 90 मतांच्या तोडीची. पहिल्या तासात पोस्टला रोखणाऱ्याच्या हातात केवढी ताकद असते, ते यावरून कळावं.

जुन्या कोडमध्ये तर याहून वाईट चूक होती. उरलेली मतं अधिक की उणे हे सांगणारं चिन्ह मतांच्या लॉगला लावायच्या ऐवजी वेळेच्या आकड्याला लावलं होतं. पोस्ट सुरू होते ती स्वतःच्या 1 मताने. एक डाउनव्होट पडला की शून्य, दुसरा पडला की उणे 1. वेळेचा तो आकडा तेव्हाच पाच हजारांच्या पुढे गेला होता. दोन मतांत पोस्ट अधिक पाच हजारांवरून उणे पाच हजारांवर जायची, म्हणजे वर्षानुवर्षं जुन्या पोस्टींच्याही खाली. पुढे चिन्ह योग्य जागी आणलं. पण लवकर पडलेलं मत जड पडतं हा गुण तसाच राहिला, कारण तो लॉगमधूनच येतो.

कमेंटींचा हिशोब वेगळा आणि माझ्या मते जास्त न्यायाचा. तिथली ‘बेस्ट’ क्रमवारी एडविन विल्सन यांच्या 1927 च्या संख्याशास्त्रीय सूत्रावर आहे. मतं जेवढी कमी, तेवढा टक्क्यांवर विश्वास कमी ठेवायचा. समजा, कुणी विचारलं, ‘चवथीला म्हापशाला यायचंय, कोकण रेल्वेने कुठे उतरू?’ एकाने लिहिलं, ‘थिवीला उतर’, त्याला 10 अपव्होट, 1 डाउनव्होट. दुसऱ्याने टॅक्सीच्या भाड्यावर तावातावाने लिहिलं, त्याला 40 अपव्होट, 20 डाउनव्होट. नुसती वजाबाकी केली तर दुसरा 20 विरुद्ध 9 ने जिंकतो. विल्सनच्या हिशोबाने पहिल्याला साधारण 0.74, दुसऱ्याला 0.59. थिवी वर राहतं. आणि फक्त 1 अपव्होट मिळालेली नवी कोरी कमेंट 0.38 वर थांबते, शंभर टक्के पसंती असूनही.

आता मॉडरेटर मंडळींसाठी. स्पॅम थांबवायला रेडिटच्या ऑटोमॉडरेटरमध्ये आपल्याकडे असा नियम सर्रास लावला जातो:

```
author:
    comment_subreddit_karma: "< 10"
    account_age: "< 7 days"
action: filter
```

यात दोन घोटाळे आहेत. एक, गटातल्या कमेंटींवर मिळालेला कर्मा, म्हणजे मतांची जमा, 10 पेक्षा कमी आणि खातं सात दिवसांपेक्षा नवं, या दोन्ही अटी एकदम लागू झाल्या तरच नियम चालतो. आठवडा उलटलेलं स्पॅम खातं सरळ आत शिरतं. ‘दोहोंपैकी कुठलीही’ हवी असेल तर `author` खाली `satisfy_any_threshold: true` लिहावं लागतं. दुसरा घोटाळा ही ओळ लिहिल्यावर जास्त बोचतो. नियमात `type` दिलेला नाही, त्यामुळे तो पोस्टींबरोबर कमेंटींनाही अडवतो. नव्या माणसाची कमेंट कुणाला दिसत नाही, म्हणून मत पडत नाही, म्हणून इथला कर्मा वाढत नाही, म्हणून पुढची कमेंटही अडते. मॉडरेटरने हाताने सोडवेपर्यंत तो तिथेच. `type: submission` जोडलं की तो निदान कमेंटी लिहून 10 पर्यंत पोचू शकतो. नियम बिघडलाय हे ओळखायची खूण सोपी: मॉडरेशनच्या रांगेत त्याच त्या नव्या नावांच्या चांगल्या कमेंटी पुन्हा पुन्हा दिसायला लागतात.

प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो साइटने हा प्रश्न हक्कांच्या पायऱ्यांनी सोडवला. प्रश्न विचारायला गुण लागत नाहीत, अपव्होट द्यायला 15 लागतात, डाउनव्होट द्यायला 125. शिवाय उत्तराला डाउनव्होट दिला की देणाऱ्याचाही 1 गुण जातो. मला ही व्यवस्था मनापासून पटते. नव्याला बोलू द्यायचं, आणि दुसऱ्याला खाली ढकलायचा हक्क मात्र आधी काही काम करून कमवायला लावायचा. आपल्याकडे उलट चाललंय: काल आलेल्याचं तोंड बंद, आणि डाउनव्होटचं बटण पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या हातात.