बँकेला पत्र लिहावं तर असं, की पुन्हा पुन्हा बोलावणं यावं

लग्नात नाव बदलायला ताटभर तांदूळ आणि एक अंगठी पुरते. नवरा तांदळात अंगठीने नाव कोरतो, बायका पेढे वाटतात आणि पाच मिनिटांत सुलभाची मीनल होते. गोरेगावची माझी मावशी अशीच १९९२ साली सुलभा वसंत अमुकची मीनल दिलीप तमुक झाली. (आडनावं झाकली आहेत. मावशी हे वाचणार आहे.) रेशनकार्डापासून आधारपर्यंत सगळीकडे मीनल लागली. राहिलं फक्त पॅनकार्ड आणि पहिल्या नोकरीतलं पगाराचं खातं. कागदपत्रात बदल झाला की ३० दिवसांत बँकेला कळवावं, असं आज रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो. मावशीने दिवसांच्या जागी वर्षं धरली, एवढाच फरक.

रिटायर झाल्यावर तिने शेवटी राजपत्रात नाव बदलून घेतलं आणि बँकेला पत्र लिहायला बसली. त्या पत्राच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पहिल्या दोन कशा लिहाव्यात ते मी मनापासून सांगतो, कारण बँकेत जाणं-येणं राहिलं की माणूस एकटा पडत नाही.

सुरुवात विषयापासून करा. ‘विषय : केवायसीबाबत’ एवढंच लिहा, जास्त लिहून साहेबांचा रस घालवू नका. मजकुरात ‘माझे नाव बदलले आहे, तरी योग्य ती नोंद घ्यावी’ असं नम्रपणे म्हणा आणि खाली ‘सोबत : आवश्यक कागदपत्रे’. मावशीने हेच केलं. काउंटरवरच्या मुलाने ‘केवायसी’ हा शब्द वाचला, दर काही वर्षांनी होणाऱ्या नेहमीच्या नूतनीकरणाचा फॉर्म पुढे केला, आणि आठवड्याभरात मेसेज आला की तुमची केवायसी यशस्वीरीत्या अद्ययावत झाली आहे. झालीच होती. पत्ता तोच, मोबाइल तोच, नाव सुलभा.

पुराव्याच्या बाबतीत जरा खर्च करा. फोर्टात जा, नोटरी गाठा, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘सुलभा आणि मीनल या दोन्ही व्यक्ती एकच असून ती मी आहे’ असं प्रतिज्ञापत्र करा. लाल शिक्का उठून दिसतो. अडचण एवढीच, की नियमात प्रतिज्ञापत्राचं नाव नाही. जुन्या नावाचं ओळखपत्र नाव बदलल्यावरही चालतं, पण त्याला राज्य सरकारने दिलेल्या विवाह प्रमाणपत्राची किंवा राजपत्राची जोड हवी, आणि त्या कागदावर नावाचा बदल दिसायला हवा.

हे शेवटचं वाक्य बहुतेकजण गाळून वाचतात, तुम्हीही गाळा. मावशीने विवाह प्रमाणपत्र मोठ्या विश्वासाने काउंटरवर ठेवलं. त्यावर काय होतं? सुलभा वसंत अमुक हिचा विवाह दिलीप तमुक यांच्याशी झाला. खरंच आहे. पण पुढे ती मीनल झाली याबद्दल एक अक्षर नाही, कारण नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तांदळाचं ताट कुणी नेलं नव्हतं. नुसतं आडनाव बदललेल्या बाईला बँक कधी कधी या कागदावर सोडते. पहिलंच नाव बदललेल्या बाईला राजपत्राशिवाय गत नाही.

राजपत्र मावशीकडे होतं. तेही कसं जोडावं याची एक पद्धत आहे. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमधलं नेमकं आपलं पान तेवढं छापा, पहिलं पान कागद वाचवायला सोडून द्या, आणि आपल्या नावावरून पिवळा हायलायटर फिरवा. झेरॉक्समध्ये तो पट्टा करडा होतो आणि संपूर्ण पानावर वाचता न येणारं एकच नाव उरतं, तुमचं. अंक कुठला, हे पहिल्या पानावाचून कळत नाही. तारीख विचारली तर आणखी मजा. हा भाग आठवड्याचा असतो आणि त्यावर गुरुवार ते बुधवार अशी मुदत छापलेली असते. बँकेच्या स्क्रीनवरच्या चौकटीत एकच तारीख बसते. त्या मुलाने मावशीला गंभीरपणे विचारलं, ‘आजी, नक्की कोणत्या दिवशी बदललं?’ मावशीच्या मनात तांदूळ आले असणार. ती म्हणाली, ‘गुरुवार घाल.’

आता स्पेलिंगकडे वळू, कारण दुसरी आवृत्ती इथे आपटली. राजपत्रासाठी अर्ज करताना जुनं नाव आपल्याला जसं आवडतं तसं लिहायचं, पासबुकाचं पहिलं पान उघडून बघायचं नाही. मावशीने SULABHA लिहिलं. बँकेत १९९० साली कुणा घाईतल्या माणसाने SULBHA टाकलं होतं. एक A कमी. राजपत्राप्रमाणे SULABHA ची मीनल झाली होती, SULBHA बद्दल शासन काहीच बोललं नव्हतं. बँकेच्या दृष्टीने दोन बायका होत्या आणि दुसरीने अजून नाव बदललेलं नव्हतं.

सोडवलं ते पॅनने. नाव बदललं तरी पॅनचा क्रमांक बदलत नाही. मावशीच्या जुन्या पॅनकार्डावर SULABHA होतं, नव्यावर मीनल, आणि तोच क्रमांक बँकेत SULBHA च्या नावापुढे तीस वर्षांच्या व्याजासकट बसलेला होता. एका क्रमांकाला तीन नावं टांगलेली दिसल्यावर अधिकारीबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘एक A विसरल्याचं साधं निवेदन द्या, होईल.’ म्हणून नवं पॅनकार्ड आल्यावर जुन्याची झेरॉक्स फाडून टाकायला विसरू नका. आणि पॅनच्या आधी बँकेतच जा. बँक नवं नाव पॅनच्या नोंदीशी ताडून बघते, तिथे जुनं निघालं की तुम्ही पुन्हा रांगेत. (मावशीने पॅन आधी बदललं, हा तिचा एकमेव अविचारी निर्णय.)

सही मात्र हवी तशी करा. नवं नाव, नवी सही, पत्राच्या तळाशी झोकात ‘मीनल’. बँक ती सही आपल्याकडच्या नमुन्याशी ताडते, तिथे १९९० ची ‘सुलभा’ असते, आणि ‘सही जुळत नाही’ म्हणून पत्रच परत येतं. नाव बदला म्हणणारी बाई बँकेच्या ओळखीचीच नाही. जुन्या सहीखाली नवी सही, दोन्ही एकाच पत्रावर, असा सोपा उपाय आहे, म्हणून तो कुणी करत नाही.

राहता राहिला खाते क्रमांक. पत्रात बचत खात्याचा तेवढा लिहा, ग्राहक क्रमांकाच्या भानगडीत पडू नका. नाव मात्र खात्याला नसतं, ग्राहक क्रमांकाला असतं. मावशीची आणि काकांची जोडीने केलेली एफडी होती, त्या वेळी रेशनकार्ड दाखवून ती ‘मीनल’ म्हणूनच केली होती, आणि बँकेने तिला तेव्हा दुसरा ग्राहक क्रमांक देऊन टाकला. एका ग्राहकाला एकच क्रमांक असावा, असा नियम आहे. म्हणजे बत्तीस वर्षं सुलभा आणि मीनल एकाच शाखेत, एकमेकींना न ओळखता, आपापलं व्याज खात बसल्या होत्या.

तिसरी आवृत्ती माझ्या मावसबहिणीने जेवणाच्या टेबलावर लिहिली. दोषपूर्ण पत्राचा नमुना म्हणून देतो, कारण यानंतर बँकेने बोलावलंच नाही.

‘विषय : राजपत्रानुसार झालेला नावातील बदल ग्राहक नोंदीत करणे व दोन ग्राहक क्रमांक एकत्र करणेबाबत.

महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते व संयुक्त मुदत ठेव आहे (दोन्ही ग्राहक व खाते क्रमांक खाली दिले आहेत). बचत खात्यावरील नाव SULBHA असे असून राजपत्रात व जुन्या पॅनमध्ये ते SULABHA असे आहे; पॅन क्रमांक एकच आहे. कृपया दोन्ही ग्राहक क्रमांकांवर नवे नाव MINAL असे नोंदवून ते एकत्र करावेत, नव्या सहीचा नमुना घ्यावा, नव्या नावाचे चेकबुक द्यावे व केंद्रीय केवायसी नोंदीतही बदल कळवावा.

सोबत :
१. राजपत्र, भाग दोन, पहिले पान व नावाचे पान (२ पाने)
२. नवे पॅनकार्ड, प्रत (१ पान)
३. जुने पॅनकार्ड, प्रत (१ पान)
४. आधार, पहिले आठ अंक झाकून, प्रत (१ पान)
५. स्पेलिंगमधील फरकाबाबत निवेदन (१ पान)
६. पासबुकाचे पहिले पान, प्रत (१ पान)
एकूण ७ पाने, सर्व प्रती स्वयंसाक्षांकित. मूळ कागद पडताळणीसाठी सोबत आणले आहेत.’

त्या ‘एकूण ७ पाने’मध्ये काय जादू आहे ते दुसऱ्या खेपेला कळलं होतं. तेव्हा बँकेने जुन्या पॅनची प्रत ‘आलीच नाही’ म्हटलं, आणि ती दिली होती हे दाखवायला मावशीकडे काहीच नव्हतं. आता मुलाने पानं मोजली, मूळ कागद बघितले, प्रत्येक प्रतीवर ‘मूळ पाहिले’चा शिक्का मारला. मावशीने पत्राची दुसरी प्रत पुढे केली. पोच द्यायला तो कुरकुरला. कागद मिळाल्याच्या तारखेसह पोच द्यायची, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय, असं बहिणीने हसत सुनावलं. गोल शिक्का, तारीख, सही. मावशीने ती प्रत लग्नाच्या अल्बमात ठेवली.

पंधरा दिवसांत मीनलच्या नावाचं पासबुक आणि नवं चेकबुक आलं. सुलभाचं जुनं चेकबुक मावशीने कात्रीने कापलं.

सोसायटीला मात्र तिने मेंटेनन्सचे तीन महिन्यांचे चेक आगाऊ दिले होते, सुलभाच्या सहीचे. पहिलाच परत आला, कारण : सही वेगळी. सेक्रेटरी वर येऊन दारातच विचारू लागले, दंडाची पावती सुलभाच्या नावाने फाडू की मीनलच्या?