उपरोक्त विषयास अनुसरून

आमची छोटी कंपनी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रबरी सील आणि ओ-रिंग बनवते. माणसे चौदा, त्यांतली मेल पाठवणारी सहा. मी मुळात स्टोअर आणि खरेदी पाहतो. परंतु तीन वर्षांपूर्वी गेटवरच्या ‘पाहुण्यांनी वहीत सहि करावी’ या पाटीतली ‘सहि’ मी साहेबांना दाखवली, आणि त्या एका ऱ्हस्व इकाराची शिक्षा म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक मेल माझ्या नजरेखालून जाऊ लागली. मधला मजकूर मी पाहायचा नाही, कारण दर आणि मुदत हा साहेबांचा प्रांत. मी फक्त विषय, मायना आणि तळाची सही तपासायची. म्हणजे मासा त्यांचा. डोके आणि शेपूट माझे.

विक्री पाहणारा आमचा मुलगा नवी मेल कधीच सुरू करीत नाही. ग्राहकाची कुठलीही जुनी मेल शोधायची, उत्तराचे बटण दाबायचे आणि लिहायला लागायचे, म्हणजे पत्ता टाइप करण्याचे कष्ट वाचतात, असे त्याचे शास्त्र आहे. या शास्त्राने २४०० ओ-रिंगांचे कोटेशन मार्च महिन्यात `Re: Happy Diwali` या विषयाखाली रवाना झाले. ग्राहकाने शुभेच्छांचा स्वीकार मनातल्या मनात केला असावा. दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला, तो कोटेशन कधी पाठवताय हे विचारायला. मी मुलाला विषय बदलायला सांगितले, तर तो चालू पत्रव्यवहारातही रोज नवा विषय घालू लागला. जीमेलमध्ये विषय बदलला की नवे संभाषण सुरू होते, त्यामुळे ड्रॉइंग एका धाग्यात, दर दुसऱ्यात आणि ग्राहकाचा संताप तिसऱ्यात अशी वाटणी झाली. आता नियम असा आहे की नव्या कामाला नवी मेल आणि चालू कामाच्या विषयाला हात लावायचा नाही. तो त्याला पाठ आहे. पाळतो मात्र मीच.

शिवाय संपूर्ण विषय कॅपिटल अक्षरांत लिहिला की ग्राहकाचा मान राहतो, अशीही त्याची श्रद्धा आहे. वर्डसारख्या प्रोग्राममधला स्पेलिंग तपासनीस मूळ सेटिंगमध्ये पूर्ण कॅपिटल शब्द सोडून देतो, हे त्याला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. त्यामुळे मजकुरातल्या बारीकसारीक चुकांखाली तांबड्या नागमोडी रेघा उमटत, आणि `QUOTATON` मात्र लाल दिव्याच्या गाडीसारखे निर्वेध निघून जाई.

माझीही एक कबुली इथेच देतो. एका जर्मन ग्राहकाकडून येणाऱ्या उत्तरांवर `AW:` असे काहीतरी लागलेले असे. त्यांच्याकडे कुणाचे तरी बोट घसरते, असे समजून मी ते महिनाभर इमानेइतबारे खोडत राहिलो. पुढे कळले की ते ‘आंटवोर्ट’चे, म्हणजे जर्मन ‘उत्तरा’चे, आद्याक्षर-रूप असून जर्मन आउटलुक आपल्या `RE:`च्या जागी तेच लावते. आमचे यंत्र त्यापुढे आपले `RE:` चढवी, त्यांचे यंत्र पुन्हा `AW:`, आणि सातव्या फेरीला मूळ विषय पडद्याच्या उजव्या काठावरून खाली पडे.

मायन्यात धोका आदराचा असतो. त्याच ग्राहकाच्या खरेदी विभागातल्या आंद्रेआ यांना आम्ही बरेच दिवस ‘डिअर आंद्रेआ सर’ लिहीत होतो. हे नाव इटलीत पुरुषाचे असते, पण जर्मनीत ते बाईंचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त फोन केला, आणि तो आवाज ऐकून आमच्या मुलाने सरांना फोन द्यायला सांगितले. तेव्हापासून खात्री नसेल तिथे मी ‘सर’ काढून पूर्ण नाव ठेवतो, आणि एवढा उघडाबोडका मायना बघून मुलगा हळहळतो. मराठी मेल बहुधा वहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नींच्या असतात. त्या हिशेब पाहतात आणि शेवटी ‘आपला विश्वासु’ लिहितात. ‘सहि’ आणि ‘विश्वासु’ यांचा रोग एकच, शब्दाच्या शेवटी दीर्घ हवे तिथे ऱ्हस्व. तो मी बरा करतो. ‘आपला’चे ‘आपली’ करायला मात्र मला दोन महिने धैर्य गोळा करावे लागले.

सही हा खरा भवसागर. आमची सही नऊ ओळींची आहे. त्यातल्या फोनपुढे `+91 020` असे होते. देशाचा कोड लावला की पुण्याच्या ०२० मधले पहिले शून्य गळायला हवे, आणि हे डोळ्यांनी कितीही वाचले तरी कळत नाही, परदेशातून कुणी फोन लावला की कळते. खाली कंपनीचा सीआयएन, एकवीस अक्षरे-अंकांचा, जो मी बोट ठेवून मोजतो. त्याखाली लोगो. हा लोगो काही ग्राहकांकडे `image001.png` या नावाची जोडणी होऊन पोहोचतो, त्यामुळे ‘सोबत ड्रॉइंग जोडले आहे’ लिहून ड्रॉइंग जोडायला विसरले तरी मेलवर पेपरक्लिप दिमाखात दिसते, आणि ग्राहक आमचा लोगो उघडून त्यात मापे शोधत बसतो.

पण ज्या चुकीने मला खरोखर आडवे केले, ती वाचताच येत नव्हती. गेल्या जूनमध्ये दोन ग्राहकांनी एकाच आठवड्यात कळवले की तुम्ही मेलला उत्तर देत नाही. आम्ही तर त्या मेल पाहिल्याच नव्हत्या. मी सहाही सह्या छापून काढल्या, पत्ते अक्षर न् अक्षर ताडले, सगळे बरोबर. शेवटी एका ग्राहकाच्या ऑफिसात जाऊन त्याच्या संगणकासमोर बसलो. तो उत्तराचे बटण वापरत नव्हता. सहीतल्या निळ्या पत्त्यावर टिचकी मारून नवी मेल उघडत होता. टिचकी मारली, आणि वर पत्ता आला तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या आमच्या सेल्स मॅनेजरांचा.

उलगडा साधा होता. त्यांची सही देखणी म्हणून सगळ्यांनी तीच उचलली आणि वर आपापले नाव-पत्ता टाइप केले. अशाने दिसणारी अक्षरे बदलतात. त्यांच्या पोटातला दुवा मूळ मालकाचाच राहतो. निळ्या अक्षरांवर उंदराचा बाण नुसता धरला तर तो खरा पत्ता दिसतो, आणि मी तीन वर्षे कागदावर छापून प्रूफ वाचत होतो. कागदावर बाण कुठे धरणार? सहाही सह्या पुसून, दुवे काढून, पुन्हा हाताने टाइप केल्या.

मग त्या मॅनेजरांची बंद न केलेली मेलपेटी उघडली. एकेचाळीस मेल निघाल्या. बहुतेक ग्राहकांच्या होत्या. तीन साहेबांच्या होत्या, आणि त्यांनीही माझ्या सहीवर टिचकी मारूनच त्या मला पाठवल्या होत्या. तिन्हींचा विषय एकच : ‘सर्वांच्या सह्या एकदा नीट तपासून घेणे’.

साहेबांनी चष्मा लावून त्या तिन्ही तारखांसह वाचल्या आणि म्हणाले, “एप्रिलपासून सांगतोय. निदान मिळाली एवढं तरी कळवायचंस!”