कॉलर पांढरी दिसते का?

“मावशी, डेटिंग ॲपवर फोटो टाकायचाय. मित्राने स्टुडिओत जरा साफ करून दिलाय. पण पहिल्यांदा भेटल्यावर ती ‘फसवलंस’ असं म्हणायला नको. कितपत चालतं गं?” साताऱ्याहून भाच्याचा मेसेज, सोबत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो.

मित्राने ‘जरा’ म्हणून चार कामं केली आहेत. नाकाशेजारची पुटकुळी काढली, रंग उजळला, जबडा बारीक केला आणि कपाळावर मागे सरकलेले केस पुढे आणून भरले. पुटकुळीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. भेट ठरेपर्यंत ती तशीही गेलेली असेल. केसांबद्दलही फार बोलायला नको. टेबलापलीकडे बसलेल्या मुलीला पहिल्या मिनिटात दिसणार ती गोष्ट फोटोत नव्हती, म्हणजे फसवणूक झालीच की. रंग आणि जबडा यांचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही.

इथे ऑस्लोत माझ्या ऑफिसातली एक सहकारी ठामपणे म्हणाली, “आमच्याकडे असले फोटो कायद्यानेच बंद आहेत.” तिचं अर्धं बरोबर आहे. 1 जुलै 2022 पासून नॉर्वेत जाहिरातीतल्या माणसाच्या शरीराचा आकार, माप किंवा त्वचा बदलली असेल तर फोटोवर तशी खूण करावी लागते. पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही ते लागू आहे. पण बंदी कशावरच नाही, आणि डेटिंग प्रोफाइलला तर हा कायदा शिवतही नाही. तरी मला त्यातली निवड पटते. कॅमेऱ्यासमोरून उठल्यावर जे माणसाबरोबर चालत येतं, तेच त्यांनी धरलंय.

माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, हे सगळं ऐकून भलतंच समजली. तिला वाटलं स्थळांसाठी बायोडेटाचा फोटो आहे. “त्याला थोडं करावंच लागतं. माझ्या फोटोच्या निगेटिव्हवर स्टुडिओवाल्या काकांनी पेन्सिल फिरवली होती, तुला आठवत नाही?” खरं आहे, तेव्हा रिटचिंग पेन्सिलीनेच व्हायचं; डोळ्यांखालचा काळेपणा, गालावरचे वण बारीक टोकाने भरून काढायचे. पण तो फोटो ज्या घरी गेला, त्या घरच्या कुणीतरी ताईला आधीच एका लग्नात पाहिलं होतं. फोटो फक्त आठवण करून द्यायला होता. ॲपवर मामेसासू नाही की शेजारी नाही. पहिल्या दिवशी फोटोच सगळं सांगतो, म्हणून त्याच्यावर भारही जास्त येतो.

साताऱ्यात हा भार फार दिवस टिकत नाही, हेही खरं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी इन्स्टाग्रामवर शोधेल, कुणाच्या तरी हळदीच्या फोटोत हा मागे उभा दिसेल, आणि पोवई नाक्यावर भेटायच्या आतच केसांचा हिशेब लागेल. ऑस्लोत तशी सोय कमी. इथे लोक सरळ सॉन्स्वान तळ्याभोवती फिरायला भेटतात, भर उजेडात, ओळखीचं कुणी नसताना. तिथे फोटोतला आणि समोरचा माणूस जुळवायला काही क्षण लागले की पुढचं बोलणं आखडतं.

न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात, 2008 साली छापून आलेल्या, 80 डेटिंगवाल्यांची उंची आणि वजन खरोखर मोजलं आणि वय ओळखपत्रावरून पाहिलं. दहातल्या आठ जणांनी यांपैकी काहीतरी खोटं लिहिलं होतं, पण बहुतेकांनी अगदी थोडं. प्रत्यक्ष भेटायचंय हे माहीत असलं की हात आखडताच राहतो. हे वाचून मला भाच्याची चिंता थोडी कमी वाटली, तरी एक खोच आहे: स्वतःच्या माहितीत सगळ्यात कमी खरं काय, असं विचारल्यावर त्याच लोकांनी फोटोकडे बोट दाखवलं.

आता रंग. भाच्याचं म्हणणं, “मी काही केलं नाही, फोनच गोरं करतो.” यात तथ्य आहे. कित्येक फोनांत ब्युटी मोड आधीपासून चालू असतो. गूगलने 2020 साली आपल्या पिक्सेल फोनवर तो सुरुवातीला बंद ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळं गाळायची सोय काढली आणि फेअर अँड लव्हली क्रीमचं नावही बदललं गेलं. नावं बदलली, तरी स्टुडिओतला हात अजून ‘थोडा उजळ करू का’ असंच विचारतो.

यावर सगळ्यात नेमकं बोलला राजवाड्याजवळचा एक जुना फोटोग्राफर, ज्याच्याकडे भाचा पासपोर्ट फोटोला जातो. तो म्हणाला, “चेहरा बघू नकोस, कॉलर बघ.” मूळ सेल्फी रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेली, म्हणून चेहरा आहे त्याहून मलूल आणि पिवळा आला होता. तो पिवळेपणा काढणं म्हणजे खरं परत आणणं. पांढरा शर्ट पांढरा दिसला की थांबायचं. त्यानंतर चेहरा एकटा उजळत गेला तर ती लबाडी. आमच्या फोटोत शर्ट पांढरा होऊन बराच काळ लोटला होता. कान आणि गळा गव्हाळ, मधला चेहरा मात्र पिठूळ.

जबड्यातही कॅमेऱ्याचा वाटा आहे. हात लांब करून खालून काढलेल्या सेल्फीत जवळचं मोठं दिसतं. एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद भासतं, असं 2018 मधल्या एका वैद्यकीय अभ्यासाने हिशेब करून दाखवलंय. हनुवटीची गत खालून तशीच. पण मित्राने जबडा ढकलताना मागचा खिडकीचा गजही आत वाकवला. ज्याला फोटो वाचता येतो, त्याला तो गज पहिला दिसेल.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, दुरुस्ती थांबव, फोटोच नव्याने काढ. सकाळी गच्चीवर सावलीत, मागचा कॅमेरा, मित्र पाच-सहा फुटांवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला, झूम दुप्पट, ब्युटी मोड शून्यावर. उजेड बरोबर असला तर निम्मी कामं उरतच नाहीत. टोपी घालून काढायची युक्ती त्याने लगेच पुढे केली. टोपीच्या एका फोटोला हरकत नाही, पाचही फोटोंत टोपी असेल तर एडिट न करताही केस लपवलेच. तीन वर्षांपूर्वीचा जसाच्या तसा फोटोही मला त्या पेन्सिलीपेक्षा वाईट वाटतो.

ताईने मात्र मला अडवलं. त्यांच्या गल्लीतल्या एका मुलीच्या गालावर भाजल्याचा व्रण आहे. “तिनेही दाखवायचा? मग तिला मेसेज तरी येईल का?” माझा नियम तिथे लंगडा पडतो. व्रण तिच्याबरोबर भेटीला येणार, म्हणजे तो फोटोत असावा असं मी म्हणायला हवं. पण समोरच्याने आधी व्रण आणि मग तिला बघावं, हेही मला पटत नाही. पहिल्या फोटोत दुसरी बाजू, पुढच्या एखाद्यात व्रण, आणि भेटायच्या आधी त्याने ते सगळे पाहिलेले असावेत, इथपर्यंत मी जाते. ताईला हे पटलेलं नाही. तिच्या मते पहिल्या भेटीपर्यंत तो त्या मुलीचा स्वतःचा प्रश्न आहे.

भाच्याने गच्चीवरचा फोटो पाठवला. केस आहेत तितकेच, कॉलर पांढरी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं अर्धी हलकी केलीत, ‘परीक्षा संपल्यावर जातील’ म्हणून. जाऊ दे म्हटलं. जबडा त्याला अजून किंचित आत घ्यायचाय, आणि त्यावर आमचं वाजतंय.