पासवर्ड बदल म्हणून सांगू नका, त्याचं अकाउंट हॅक झालेलंच नाहीये

परवा रात्री मेसेंजरवर एका जुन्या मित्राचा मेसेज आला. "कसा आहेस, बिझी आहेस का?" मी म्हटलं नाही, बोल. लगेच पुढचा, "एक अर्जंट काम होतं, थोडे पैसे पाठवशील का, उद्या सकाळी परत करतो, माझं लिमिट संपलंय." फोटो त्याचाच, नाव त्याचंच, कव्हरला त्याच्या मुलीचा तोच फोटो. खरं सांगतो, माझा हात पैसे पाठवायला गेलाच होता.

थांबलो कशामुळे, तर सहज चॅट वर सरकवली आणि वर काहीच नव्हतं. आमचं दहा वर्षांचं बोलणं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, भांडणं, सगळं गायब, "कसा आहेस" हाच पहिला मेसेज. म्हणजे माणूस जुना आणि चॅट कोरी. मग आठवलं की दोन दिवसांपूर्वी त्याची फ्रेंड रिक्वेस्ट आली होती आणि मी विचार न करता ॲक्सेप्ट केली होती, वाटलं चुकून अनफ्रेंड झालं असेल. मित्रांच्या यादीत शोधलं तर तो दोनदा दिसला. जुन्या प्रोफाइलवर वर्षानुवर्षांच्या पोस्ट, आणि नव्यावर एकाच दिवशी टाकलेले चार फोटो, खाली कमेंट एकही नाही. कॉमन फ्रेंड्स मात्र अकरा होते हां, त्यामुळे कॉमन फ्रेंड्स आहेत म्हणजे खरा असणार हे डोक्यातून काढा, ते अकरा जण माझ्यासारखेच फसून ॲक्सेप्ट केलेले.

पण ही कोऱ्या चॅटची खूण एकाच बाजूने चालते. चॅट कोरी असेल तर बहुतेक नकली, पण जुनी चॅट दिसतेय म्हणून माणूस खरा असं नाही, कारण कुणी खरंच त्याचं अकाउंट ताब्यात घेतलं असेल तर जुनं बोलणं त्या चोराच्याही समोर असू शकतं, वाचून तो तुमच्या टोपणनावाने हाकसुद्धा मारेल. म्हणून शेवटी फोन हाच उपाय, आणि तोही तुमच्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर. चॅटमध्ये "हा माझा नवीन नंबर" म्हणून आलाय त्यावर नाही, आणि त्याच चॅटमधून कॉल करूनही उपयोग नाही, तिकडे तोच बसलाय ना. फोन लागला नाही तर त्याच्या बायकोला, भावाला, ऑफिसातल्या कुणाला करा.

काहीजण म्हणतात प्रश्न विचारायचा. विचारा, पण शाळा कुठली, वाढदिवस कधी, बायकोचं नाव काय असलं नको, ते सगळं प्रोफाइलवर लिहिलेलं असतं. मी गंमत म्हणून न घडलेली गोष्ट टाकली, "गेल्या आठवड्यात घरी आलेलास तेव्हा चष्मा विसरलास, तो कधी नेतोस?" उत्तर आलं, "हो नेतो रे, आधी पैसे पाठव." माझा मित्र चष्मा लावतच नाही! मग पैसे कुणाला पाठवू विचारलं तर खातं तिसऱ्याच नावाचं, म्हणे मेहुण्याचं आहे.

आता टायटलकडे येतो. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "अरे मला आठ जणांनी सांगितलं पासवर्ड बदल, मी दोनदा बदलला तरी मेसेज जातायत." जाणारच! त्याच्या अकाउंटला कुणी हातच लावलेला नाही, चोराने फक्त बाहेरून दिसणारा फोटो आणि नाव उचललंय. आणि मित्राला ते नकली प्रोफाइल शोधूनही सापडेना, कारण असे लोक खऱ्या माणसाला बऱ्याचदा आधीच ब्लॉक करतात. म्हणून रिपोर्ट आपल्यालाच करावा लागतो, प्रोफाइलवरच्या तीन टिंबांमधून, दुसऱ्याचं नाव वापरतोय असा पर्याय निवडून, आणि तिथे मित्राचं खरं प्रोफाइल दाखवून. त्याआधी चॅटचे, खात्याच्या तपशिलाचे स्क्रीनशॉट घ्या आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा (profile.php?id= च्या पुढे आकडे असतील तर ते पण), कारण प्रोफाइल उडालं की लिंक मिळत नाही. ज्यांनी पैसे आधीच पाठवलेत त्यांनी रिपोर्ट नंतर करा, पहिला फोन बँकेला. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच काही आशा असते.

आम्ही सहा जणांनी रिपोर्ट केल्यावर ते प्रोफाइल गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवीन हजर, तोच फोटो, त्याच लोकांना रिक्वेस्ट! मग लक्षात आलं की आमच्या मित्राची फ्रेंड लिस्ट सगळ्या जगाला उघडी होती, तिथूनच तो एकेक नाव उचलत होता. ती "फक्त मी" वर केलीय. पण पहिल्या वेळी चोराने यादी उतरवून ठेवली असेल तर ती काही परत येत नाही, त्यामुळे आमच्या ग्रुपमधल्या कुणाला मित्राच्या नावाने रिक्वेस्ट आली की अजूनही आधी त्याला फोन जातो, आणि तो वैतागून उचलतो.