"मधला भाग स्लो आहे" ही नोट नव्हे

काल कट्ट्यावर मंदार आणि नेहाची चांगलीच जुंपली. सुजयने पुण्याच्या तांबट आळीवर माहितीपट केलाय. रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, १९ मिनिटांचा आणि पाठवायचाय तिथली मर्यादा १५. नेहा एडिटर. तिला कट बघून मंदारने लिहिलेला अभिप्राय, म्हणजे नोट, आली होती: "मधला भाग स्लो. चार मिनिटं उडव."

"कुठला मधला? टाइमकोड फ्रेमवरच दिसतोय ना?" नेहा तडकली.

"अगं, मी प्रेक्षक. मला कंटाळा आला, तो मी सांगितला."

"मग कधी आला तेही सांग."

मंदारने फोनवर कट लावला. ०६:४० ते ०८:१०, तांबट हंड्यावर मठार मारतोय, एकेक ठोका शेजारी शेजारी. दीड मिनिट नुसते ठोके.

"हेच! अर्धं काप."

"पण तो ठोके का मारतोय हे तुला कळलं होतं का?"

"नक्षीसाठी, नाहीतर कशाला?"

सुजयने कपाळाला हात लावला. ठोक्यांनी तांब्याला कडकपणा येतो, हे तांबट स्वतःच ११:२०ला सांगतो. म्हणजे कळीची माहिती जवळजवळ पावणेपाच मिनिटं उशिरा येते. तेच बोलणं ठोक्यांच्या दृश्यावर घेतलं, तर न कापताही तो तुकडा धरून ठेवेल, आणि पुढच्या मुलाखतीतली चाळीस सेकंदं आपोआप सुटतील. माझ्या मते इथेच वाद मिटला. म्हणून आधी काय कळलं नाही ते लिहावं, मग कुठे रेंगाळलं ते, आणि लांबीचं शेवटी.

मंदारचा एक मुद्दा मात्र मला सोळा आणे पटला. पहिल्यांदा कट न थांबवता बघायचा आणि लक्ष उडालं तेवढी वेळ टिपायची. कारण दुसऱ्यांदा बघताना शोधायचं. पहिल्या वेळचा कंटाळा पुन्हा मिळत नाही.

मग त्याने तिथेच नोट नव्याने लिहिली: "कट ३. ०६:४०, 'आता बघा' या वाक्यानंतर. ठोके कशासाठी ते कळलं नाही, साधारण ०७:१५ला लक्ष उडालं. ११:२०चं बोलणं इथे आणून बघशील?"

"वाक्य कशाला लिहिलंस?" सुजयने विचारलं.

"पुढच्या कटमध्ये टाइमकोड सरकतील. वाक्य शोधता येतं," उत्तर नेहाने दिलं.

लांबीसाठी मंदारने आणखी एक जागा दाखवली. १२:०५ आणि १४:३०ला तांबटाचे दोन्ही मुलगे एकच सांगतात, गिऱ्हाईक स्टीलकडे गेलं. धाकट्याचं बोलणं गेलं तर पावणेदोन मिनिटं वाचतात. रंग आणि आवाज यांवरच्या ओळी नेहाने खोडायला लावल्या. ती कामं कट पक्का झाल्यावरची.

उरलेल्या साधारण दीड मिनिटावर मात्र एकमत होईना. मंदारला सुरुवातीची गल्ली नको, मला हवी. नेहा म्हणाली, "दोन उलट नोटा मला देऊ नका. सुजय, दिग्दर्शक तू. ठरव आणि एकच कागद पाठव."


सुजय अजून ठरवतोय.